मनगट गार, अंगात ताप

गेल्या ऑगस्टमधल्या एका रविवारी रात्री माझी मुलगी अकराच्या सुमारास झोपली. पहाटे तीनला तिला हुडहुडी भरली. दोन चादरी आणि वर गोधडी घेऊनही दात वाजायचे थांबेनात. सकाळी सहाला काखेत थर्मामीटर लावला तर पारा 38.9 अंश सेल्सियसवर. तिच्या स्मार्टवॉचनं मात्र त्या रात्रीचं मनगटाचं तापमान नेहमीपेक्षा 0.4 अंशानं कमी नोंदवलं होतं. "आई, हे घड्याळ बिघडलंय," ती म्हणाली.

घड्याळ बिघडलं नव्हतं. तिचं मनगट खरोखरच गार होतं. ज्या रात्री ताप चढला त्याच रात्री मनगट गार का पडलं, हे नीट समजून घेतलं तर या घड्याळांकडून काय मिळू शकतं आणि काय नाही, याचा बराचसा उलगडा होतो.

डॉक्टर ज्याला ताप म्हणतात ते शरीराच्या गाभ्याचं तापमान. मेंदू, हृदय, यकृत यांच्याभोवतालचं रक्त साधारण 37 अंशांच्या आसपास राखलं जातं. जिभेखाली किंवा काखेत थर्मामीटर धरून आपण त्याचा अंदाज घेतो. मनगटाची त्वचा हा गाभा नव्हे, ती शरीराची बाहेरची भिंत आहे. झोपेत ती बहुधा 33 ते 36 अंशांच्या दरम्यान असते, आणि तिची ऊब त्या वेळी हातातून किती गरम रक्त वाहतंय यावर ठरते. तळहातात आणि बोटांत त्वचेलगतच्या रक्तवाहिन्यांची दारं असतात. ती उघडली की गरम रक्त हातात शिरतं आणि परतताना मनगटावरच्या शिरांमधून जाऊन तिथली त्वचा तापवतं. दारं मिटली की मनगट गार पडतं.

रोज रात्री झोप येण्याच्या सुमारास ही दारं उघडतात. शरीर हातापायांतून उष्णता बाहेर टाकतं आणि त्यामुळे गाभा किंचित थंड होतो. म्हणजे निरोगी माणसाच्या झोपेत मनगट गरम होत असतं तेव्हा आतला गाभा निवत असतो. दोघांची चाल उलटी असते.

तापात काय होतं? जंतूंशी लढताना शरीरात जी रसायनं तयार होतात, ती मेंदूतल्या तापमान राखणाऱ्या केंद्राला 37 ऐवजी 39 अंश राखायला लावतात. शरीर अजून 37 वर असतं, पण मेंदूच्या हिशेबी ते आता थंड असतं. मग उष्णता वाचवायला तो त्वचेतल्या रक्तवाहिन्या आवळतो आणि उष्णता निर्माण करायला स्नायू थरथरवतो. थंडी वाजून ताप येतो तो असा. लेकराचं कपाळ तापलेलं आणि हातपाय बर्फासारखे गार, हे घराघरांतल्या आयांना ठाऊक असतं. घड्याळ नेमकं त्या गार हातावर बांधलेलं असतं. गाभा 39 ला पोहोचला की दारं पुन्हा उघडतात आणि मनगट तापतं. पुढे घाम फुटून ताप उतरायला लागतो तेव्हाही हात गरमच असतात. त्यामुळे मनगटावरचा चढ तापाच्या मागून येतो, आणि कधी कधी आधी उतार दाखवून मग येतो.

या घड्याळांत तापमान मोजायची सोय कशी असते, तेही पाहू. 2022 मध्ये आलेल्या ॲपल वॉच सिरीज 8 मध्ये दोन संवेदक आहेत. एक घड्याळाच्या पाठीशी, त्वचेलगत, दुसरा काचेखाली. बाहेरच्या हवेचा परिणाम ओळखून वजा करता यावा म्हणून हा दुसरा. झोपेत दर 5 सेकंदांनी नोंद होते आणि 0.1 अंशाइतका बदलही टिपला जातो. पण सकाळी पडद्यावर ताप दिसत नाही, दिसतो तो फरक. पहिल्या साधारण पाच रात्रींवरून घड्याळ तुमची स्वतःची सरासरी ठरवतं आणि मग प्रत्येक रात्र त्या सरासरीच्या वर होती की खाली, एवढंच सांगतं. अंगात कणकण वाटतेय म्हणून दुपारी घड्याळ बघून ताप मोजावा, ही सोय त्यात नाही.

स्वतःच्याच सरासरीशी तुलना करण्याची ही पद्धत मला मनापासून पटते. जर्मन वैद्य कार्ल वुंडरलिख यांनी 1868 मध्ये हजारो रुग्णांच्या काखेत थर्मामीटर लावून तापाचे आलेख मांडले. एका आकड्यापेक्षा दिवसागणिक होणारी चढउतार जास्त बोलते, हे तेव्हापासून वैद्यकाला माहीत आहे. अडचण पद्धतीत नाही, जागेत आहे. मनगटावर आजाराखेरीज इतर पुष्कळ गोष्टींची सत्ता चालते.

मे महिन्यातल्या एका रात्री आमच्याकडे वीज गेली आणि पंखे बंद पडले. सकाळी मुलीच्या घड्याळात 0.8 अंशाचा चढ होता. रात्रीचं मद्यपान, हात पांघरुणात की बाहेर, पट्टा सैल की घट्ट, प्रवासामुळे बदललेली झोपेची वेळ, यांपैकी कशानंही आकडा हलतो. स्त्रियांच्या बाबतीत तर दर महिन्याला एक नैसर्गिक चढ असतोच. बीजकोशातून बीज सुटल्यावर प्रोजेस्टेरॉन वाढतं आणि शरीराचं तापमान साधारण 0.3 ते 0.5 अंशानं वर जाऊन पाळी येईपर्यंत तिथेच राहतं. बीज सुटून गेल्याचा अंदाज मागाहून द्यायला या घड्याळांचा उपयोग होतो तो याच चढामुळे. आजाराच्या शोधात असलेल्याला मात्र तोच चढ चकवतो. पाळीच्या आधीचे दोन आठवडे आकडा रोज थोडा वर दिसला तर घाबरण्यासारखं काही नाही.

यातून किती चुकीचे इशारे मिळतील, याचा साधा हिशेब मांडून बघा. समजा, एखाद्याला वर्षातून तीनदा संसर्ग होतो आणि प्रत्येक वेळी तीन रात्री तापमान बदलतं. म्हणजे आजाराच्या रात्री नऊ. समजा, त्यातल्या सहा घड्याळानं पकडल्या. उरलेल्या 356 निरोगी रात्रींपैकी शंभरात पाचच रात्री ऊन, पांघरूण वगैरे कारणांनी चुकीचा इशारा मिळाला, तरी त्या झाल्या सुमारे 18. वर्षभरातल्या 24 इशाऱ्यांपैकी सहाच खरे. हे आकडे मी समजुतीसाठी धरले आहेत, पण निरोगी रात्री आजारी रात्रींपेक्षा कितीतरी जास्त असतात, ही गोष्ट कुठल्याही घड्याळाला टाळता येत नाही.

म्हणून तापमानाचा आकडा एकटा वाचू नये. मुलीच्या त्या रविवारच्या नोंदीत मनगट गार होतं, पण झोपेतली नाडी नेहमीच्या 58 वरून 71 वर गेली होती आणि श्वास मिनिटाला 14 चे 17 झाले होते. खरी बातमी तिथे होती. वीज गेलेल्या रात्री श्वास नेहमीसारखाच होता, नाडीही जेमतेम दोनच ठोक्यांनी वाढलेली. आता काही घड्याळं दोन किंवा अधिक गोष्टी एकदम नेहमीच्या पट्ट्याबाहेर गेल्या तरच इशारा देतात, ते याचसाठी.

स्टॅनफर्ड विद्यापीठातले संशोधक मायकेल स्नायडर यांनी 2017 मध्ये स्वतःवरचाच अनुभव शोधनिबंधात मांडला. अंगावर संवेदक बाळगून ते नॉर्वेला निघाले असताना त्यांची नाडी नेहमीपेक्षा जास्त आणि रक्तातला प्राणवायू कमी दिसू लागला. काही आठवड्यांपूर्वी ते मॅसॅच्युसेट्सच्या ग्रामीण भागात राहून आले होते. गोचिडीमुळे होणाऱ्या लाइम रोगाची शंका घेऊन ते डॉक्टरांकडे गेले, आणि पुढे तपासणीत तोच आजार निघाला. लक्षात घ्या, उपकरणानं लाइम हा शब्द उच्चारला नव्हता. 'काहीतरी बिनसलंय' एवढंच ते सांगू शकलं. ग्रामीण भागातला मुक्काम आठवला तो माणसाला, आणि रोग ठरवला तो रक्ताच्या तपासणीनं.

आपल्याकडे पावसाळ्यात ताप आला तर तो साध्या विषाणूचा, डेंगीचा, हिवतापाचा, टायफॉइडचा की लेप्टोचा, हे मनगटावरच्या रेषेवरून ओळखता येत नाही. हिवताप दिवसाआड थंडी वाजून येतो, असं आपण ऐकलेलं असतं. पण सुरुवातीच्या दिवसांत तोही असा शिस्तीत वागेलच असं नाही. त्यात पॅरासिटामॉल घेतलं की रेषा आणखी बदलते. गोळीनं उतरलेला ताप आणि आजार हटल्यानं उतरलेला ताप यांतला फरक घड्याळाला कळत नाही.

मुलीचं पुढे काय झालं, ते सांगते. सोमवारी रात्री मनगट सरासरीच्या 1.3 अंश वर, मंगळवारी 1.6. बुधवारी रक्ताच्या तपासणीत डेंगीची एनएस-1 चाचणी पॉझिटिव्ह आली. डॉक्टरांनी भरपूर पाणी, ओआरएस, तापासाठी फक्त पॅरासिटामॉल आणि रोज रक्ततपासणी सांगितली. गुरुवारी रात्री ताप उतरला. शुक्रवारी सकाळी घड्याळात फक्त 0.2 चा फरक होता, रेषा पुन्हा नेहमीच्या पट्ट्यात. "आता बरी आहे मी. सोमवारी ऑफिसला जाते," ती म्हणाली. मलाही हायसं वाटलं, आणि त्या दिवशीची रक्ततपासणी आम्ही उद्यावर ढकलली.

दुपारी तिच्या पोटात दुखायला लागलं. दोन उलट्या झाल्या. हात पुन्हा गार पडले, पण या वेळी थंडी वाजत नव्हती. दवाखान्यात डॉक्टरांनी घड्याळाकडे पाहिलंही नाही. त्यांनी तिचे हात हातात घेतले, नख दाबून रंग परत यायला किती वेळ लागतो ते पाहिलं, रक्तदाब घेतला. प्लेटलेट 48 हजार होते. त्याहून त्यांना काळजी होती पीसीव्हीची. रक्तात तांबड्या पेशींचा वाटा किती, ते हा आकडा दाखवतो. बुधवारी तो 37 होता, आता 45. रक्तातलं पाणी वाहिन्यांबाहेर झिरपत होतं आणि रक्त घट्ट होत चाललं होतं. "डेंगीत ताप उतरतो तेव्हाच आमचं खरं लक्ष सुरू होतं, ताई," डॉक्टर म्हणाले. तापाच्या तिसऱ्या ते सातव्या दिवसादरम्यान ताप उतरतो आणि पुढचे 24 ते 48 तास धोक्याचे असतात. वेळेवर सलाइन मिळालं आणि रविवारी ती घरी आली.

त्या शुक्रवारची घड्याळातली नोंद मी अजून जपून ठेवली आहे. आकडा अचूक होता, तरी आमची समजूत चुकली.

घड्याळ वापरत असाल तर जरूर वापरा. तापमान, नाडी आणि श्वास तिन्ही एकदम बदलले तर त्या दिवशी दगदग टाळा, घरातल्या म्हाताऱ्यांपासून थोडं लांब राहा आणि काखेत थर्मामीटर लावा. ताप असेल आणि दिवस पावसाळ्याचे असतील तर दुसऱ्याच दिवशी रक्त तपासा. आणि डेंगी निघाली, तर ताप उतरलेल्या सकाळी घड्याळाची रेषा पाहून निश्चिंत होऊ नका. पोट दुखतंय का, उलट्या होतायत का, हिरड्यांतून रक्त येतंय का, लघवी कमी झालीय का, माणूस मलूल किंवा अस्वस्थ आहे का, हे विचारा. हात हातात घेऊन बघा. आणि यातलं एकही असेल तर तडक दवाखाना गाठा.