खरखरीत टाइल घसरडी का होते?

पाय घसरू नये म्हणून बाथरूमला आपण मुद्दाम खरखरीत टाइल बसवतो आणि पाच-सहा वर्षांनी घरातली सगळ्यात घसरडी जागा तीच होऊन बसते. गेल्या जुलैत माझ्या सासूबाईंचा पाय असाच सरकला. अंघोळ उरकून बादलीच्या बाजूने वळताना पाऊल निसटलं. नळ हाताशी होता म्हणून त्या सावरल्या. बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "अगं, फरशी तर खरखरीत आहे, मग पाय सरकला कसा?"

दुपारी मी स्टूल टाकून आत बसले आणि मोबाइलचा टॉर्च जमिनीला अगदी टेकवून आडवा धरला. वरून पाहताना जे दिसत नाही ते अशा आडव्या उजेडात लख्ख दिसतं. दाराजवळच्या टाइलवर उंच दाणे आणि त्यांच्यामधल्या खाचा स्वच्छ दिसत होत्या. बादली ठेवतो त्या कोपऱ्यात मात्र दाण्यांची फक्त टोकं वर होती. मधल्या खाचा राखाडी-पांढऱ्या थराने भरून गेल्या होत्या आणि खिडकीखाली त्याच थरावर हिरवट साय आली होती. नख फिरवलं तर मेणासारखा मऊ पदार्थ नखात आला.

सासूबाईंच्या प्रश्नाचं उत्तर त्या खाचांतच होतं. ओल्या फरशीवर पाऊल टेकलं की तळव्याखालचं पाणी खाचांमध्ये ढकललं जातं आणि दाणे थेट कातडीला टेकतात. पकड येते ती त्यामुळे. खाचा भरलेल्या असल्या की पाण्याला जायला जागा उरत नाही, ते तळवा आणि टाइलच्या मध्येच अडकतं आणि पाऊल त्यावरून निसटतं. टाइलच्या खोक्यावर कधीकधी आर-१० किंवा आर-११ असा आकडा छापलेला असतो. बूट घातलेल्या माणसाला तेल लावलेल्या उतरत्या फळीवर चालवून तो ठरवतात. अनवाणी पायांसाठी वेगळी चाचणी आहे. ती साबणाच्या पाण्यावर घेतात आणि टाइलला ए, बी, सी असे वर्ग देतात. पण या दोन्ही चाचण्या नव्या, स्वच्छ टाइलवर होतात. खाचा बुजलेल्या टाइलबद्दल तो आकडा काहीच सांगत नाही.

आता तो थर कशाचा, ते पाहू. आमच्या सोसायटीला वर्षातले सहा महिने बोअरचं पाणी असतं, म्हणजे जड पाणी. त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम भरपूर. अंगाचा साबण या पाण्यात विरघळला की त्यातली स्निग्धाम्लं कॅल्शियमशी जोडली जातात आणि पाण्यात न विरघळणारा चिकट पदार्थ तयार होतो. बादलीच्या आतल्या कडेला पांढरं वर्तुळ धरतं ते हेच. त्यात अंगाचं आणि केसांचं तेल मिसळतं. नुसत्या पाण्याने हा थर निघत नाही. शेवाळाला ओल, उजेड आणि धरायला जागा एवढंच लागतं. साबणाचा थर ओल धरून ठेवतो, खिडकीतून उजेड येतो आणि शेवाळ त्या थराच्या अंगावर वाढतं. म्हणून नुसतं शेवाळ मारून काम भागत नाही. खालचा साबण राहिला तर पंधरा दिवसांत हिरवळ परत येते.

आधी आम्ही काय केलं होतं, तेही सांगते. सासूबाईंचा पाय सरकण्याच्या महिनाभर आधी मी सफाईला माणूस बोलावला होता. त्याने संडासाचं ॲसिड ओतलं, तारेच्या घासणीने घासलं आणि वरून फिनेलचं पाणी फिरवलं. बाथरूम चकचकीत दिसलं आणि तिथेच फसगत झाली. ॲसिडने टाइलमधल्या सांध्यांचं सिमेंट खाल्लं, ते खडबडीत झालं आणि शेवाळाला धरायला आणखी जागा मिळाली. तारेने दाण्यांची टोकं घासली गेली, खाचांत मात्र तार पोचलीच नाही. फिनेल धुऊन न काढता सुकू दिलं, की त्याचा बारीक तेलकट पापुद्रा मागे राहतो. खरखरीत टाइल चमकायला लागली तर ती बहुतेक वेळा स्वच्छ झालेली नसते, तिच्यावर काहीतरी बसलेलं असतं.

या वेळी मी स्वतःच कामाला लागले. पाच फूट बाय सात फुटांचं बाथरूम, वेळ दोन तास. हत्यार एकच महत्त्वाचं, ते म्हणजे लांब दांड्याचा, ताठ नायलॉनच्या केसांचा ब्रश. स्पंज किंवा फडकं दाण्यांच्या टोकांवरूनच फिरतं, ब्रशचे केस खाचेच्या तळाशी जातात. सांध्यांसाठी एक जुना टूथब्रश घेतला, हातात रबरी मोजे घातले.

आधी भरपूर पाणी ओतून नुसत्याच ब्रशने घासलं. वरची हिरवी साय तेवढ्यानेच सुटली. फरशी अशी ओली असण्याचा आणखी एक फायदा असतो. सिमेंटचे सांधे पाणी पिऊन बसलेले असतात, त्यामुळे पुढचं आम्ल ते कमी शोषतात. मग दीड लिटर कोमट पाण्यात चार मोठे चमचे लिंबूसत्त्व विरघळवून फरशीवर पसरलं आणि दहा मिनिटं थांबले. घड्याळ लावूनच थांबावं, कारण सौम्य असलं तरी हेही आम्लच आहे आणि फार वेळ राहिलं तर सांध्यांना ते चांगलं नाही. आम्ल साबणाच्या थरातलं कॅल्शियम सोडवतं. तेवढ्यात ब्रश आधी उभा, मग आडवा, मग तिरका असा फिरवला, कारण एकाच दिशेने घासलं तर दाण्याची मागची बाजू तशीच राहते. नंतर दोन बादल्या पाण्याने धुतलं.

बरेच जण इथेच थांबतात आणि फरशी आधीपेक्षाही ओशट लागते म्हणून वैतागतात. असं होणारच. कॅल्शियम सुटलं की मागे उरतात ती मोकळी स्निग्धाम्लं, म्हणजे जवळजवळ मेणच. ते काढायला अल्कली लागते. दोन लिटर गरम पाण्यात चार मोठे चमचे धुण्याचा सोडा घालून ते पाणी फरशीवर टाकलं आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा घासलं. सोड्याने त्या मेणाचा परत विरघळणारा साबण होतो आणि तो पाण्याबरोबर निघून जातो. ब्रशखाली राखाडी फेस आला तेव्हा खात्री पटली. हा सोडा धुण्याचा हवा, खाण्याचा त्यापुढे फारच दुबळा पडतो. व्हिनेगर आणि खाण्याचा सोडा एकत्र ओतण्याची युक्ती बरेच जण सांगतात. त्यात फेस छान येतो, पण आम्ल आणि सोडा एकमेकांनाच मारतात आणि फरशीच्या वाट्याला काही उरत नाही.

ब्लीच सगळ्यात शेवटी, तेही खिडकीखालच्या हिरवट सांध्यांपुरतं. चार-पाच टक्क्यांचं बाजारी ब्लीच शंभर मिलिलिटर, त्यात एक लिटर साधं पाणी. हे फरशीवर दहा मिनिटं ओलं राहायला हवं. ते आधी वापरलं असतं तर साबण आणि तेलावरच खर्च झालं असतं, शेवाळाच्या मुळाशी पोचलंच नसतं. आणि हे मात्र कधीही विसरू नका: ब्लीच आणि कुठलंही आम्ल एकत्र आलं की क्लोरीन वायू सुटतो. लहानशा बंद बाथरूममध्ये तो फुप्फुसांना इजा करतो. मी दोन्हींच्या मध्ये सोड्याची धुलाई आणि चार बादल्या पाणी ठेवलं, दार-खिडकी उघडी ठेवली. मनात शंका असेल तर ब्लीच दुसऱ्या दिवशी वापरा. संडासाच्या क्लीनरच्या काही बाटल्यांत आम्ल असतं, काहींत ब्लीच. लेबल वाचल्याशिवाय त्यांना हात लावू नका.

फरशी निसरडी होण्याचा उरलेला धोका असतो तो शेवटच्या धुण्यात. सोडा, ब्लीच, साबण काहीही खाचेत राहिलं तरी पाय सरकतो. म्हणून स्वच्छ पाणी टाकून नुसत्या ब्रशने पुन्हा घासायचं. फेस येत असेल तर अजून काहीतरी शिल्लक आहे. मला तीन वेळा धुवावं लागलं, तेव्हा कुठे फेस यायचा थांबला.

फरशी पूर्ण वाळल्यावर मी दोन गोष्टी तपासल्या. दाराजवळच्या, जिथे कधी साबण पडत नाही अशा टाइलवर पाण्याचा एक थेंब टाकला आणि दुसरा बादलीच्या कोपऱ्यात. साबणाचा थर असेल तर थेंब गोल फुगून उभा राहतो, नसेल तर पसरतो. दोन्ही थेंब सारखेच पसरले. मग टॉर्च पुन्हा आडवा धरला. नळाखालच्या एका टाइलच्या खाचा अजून पांढऱ्या होत्या. तिथे लिंबूसत्त्वाचं पाणी टाकल्यावर बुडबुडे आले, म्हणजे तो साबण नव्हे, पाण्याचा क्षार होता. ब्लीच वापरून झालेलं असल्यामुळे आधी ती जागा पुन्हा भरपूर पाण्याने धुतली होती. आणखी दहा मिनिटांत तो क्षारही सुटला.

ही रीत सिरॅमिक आणि व्हिट्रिफाइड टाइलसाठी आहे. बाथरूममध्ये शहाबादी, कडप्पा किंवा कोटा असेल तर लिंबूसत्त्वसुद्धा वापरू नका. हे सगळे चुनखडीचे दगड आहेत आणि आम्ल त्यांना खातं. तिथे सोडा, ब्रश आणि पाणी यांवरच भागवायचं. फरशीला मेणाचं पॉलिश किंवा चमक आणणारं काहीही लावू नका, ते थेट खाचांतच जाऊन बसतं.

आता शेवटच्या अंघोळीनंतर जो असेल तो एक मग पाणी ओतून वायपर मारतो आणि पंखा अर्धा तास चालू ठेवतो. आठवड्यातून एकदा सोड्याचं पाणी आणि ब्रश. पावसाळा संपेपर्यंत हिरवळ परत आली नाही. सासूबाईंनी अंगाच्या साबणाऐवजी बेसन लावून पाहिलं, तेही खाचांत अडकत होतं, म्हणून ते बंद केलं.

एक टाइल मात्र सुधारली नाही. तारेच्या घासणीने तिचे दाणे पार झिजले होते, बोट फिरवलं तर गुळगुळीत लागायची. झिजलेली खरखर कुठल्याही धुण्याने परत येत नाही. ती टाइल आम्ही फोडून बदलली.