जेवण झालं की पोटात कळ

रमजानमध्ये दिवसभराचा रोजा आरामात जातो आणि इफ्तारनंतर मात्र पोट धरून बसावं लागतं. अशी तक्रार आली की आपण भज्यांना दोष देतो, ॲसिडिटीची गोळी देतो. बहुतेक वेळा ते बरोबरही असतं. पण घरातल्या वडीलधाऱ्याचं वजन त्याच सुमारास उतरत असेल, तर आम्हाला वेगळी शंका घ्यावीशी वाटते.

आतड्यांना रक्त पुरवणाऱ्या तीन मोठ्या धमन्या असतात. जेवल्यावर पचनासाठी आतड्यांना दुपटीहूनही जास्त रक्त लागतं. वर्षानुवर्षांची विडी-सिगारेट, मधुमेह, रक्तदाब यांमुळे या धमन्यांत चरबीचा थर साचतो. एक अरुंद झाली तर बाकीच्या दोन भार उचलतात, म्हणून त्रास साधारणपणे दोन धमन्या अरुंद झाल्यावरच जाणवतो. रिकाम्या पोटी कमी रक्त पुरतं, जेवल्यावर पुरत नाही, आणि आतडं कळ देतं.

समजा, नळदुर्गचे पासष्टीचे एक चाचा आहेत. चाळीस वर्षं विडी ओढलेली. जेवून अर्धा तास झाला की बेंबीभोवती दुखू लागतं, दोन-अडीच तासांनी आपोआप थांबतं. भूक आहे, पण दुखण्याच्या भीतीने ते भाकरी अर्धीच खातात, दावत टाळतात. पाच महिन्यांत वजन ६२ किलोवरून ५१ वर येतं. एंडोस्कोपी आणि साधी सोनोग्राफी नॉर्मल निघते. घरचे म्हणतात, मनाचा खेळ आहे.

इथेच चूक होते. या दोन्ही तपासण्यांत धमन्यांची अरुंदी सहसा कळत नाही. डॉक्टरांना सरळ विचारावं, आतड्यांच्या धमन्या तपासायच्या का? त्यासाठी उपाशीपोटी डॉपलर सोनोग्राफी करतात आणि नक्की निदानासाठी सीटी अँजिओग्राफी. नळदुर्गकरांना त्यासाठी सोलापूर जवळ पडतं. त्यात रंगद्रव्याचं इंजेक्शन असतं, म्हणून आधी मूत्रपिंडाची रक्ततपासणी होते; मधुमेहाच्या गोळ्या कोणत्या चालू आहेत तेही सांगावं. वजन घटण्यामागे कर्करोगही असू शकतो, म्हणून डॉक्टर तोही तपासून पाहतात.

निदान झालं तर नुसत्या गोळ्यांनी अरुंद वाट उघडत नाही. हाताच्या किंवा जांघेच्या धमनीतून तार नेऊन स्टेंट बसवतात, किंवा बायपास करतात. स्टेंटचा त्रास कमी, पण तो पुन्हा अरुंद होऊ शकतो. म्हणून ठरलेल्या वेळी डॉपलर चुकवू नये. विडी मात्र कायमची सोडावी लागते. ऑपरेशन होईपर्यंत थोडं थोडं, पाच-सहा वेळा खावं. अशा काळात रोजा ठेवायचा की नाही, हे आधी डॉक्टरांना विचारावं.

एक खूण सर्वांनी लक्षात ठेवावी. असं दुखणं असलेल्या माणसाला अचानक भयंकर कळ आली आणि ती थांबेना, पोट दाबून पाहिलं तर मऊच लागतं, तर सकाळची वाट पाहू नये. धमनी पूर्ण बंद झाली असेल तर काही तासांत आतडं सडू लागतं. तेव्हा ओवा-सोडा देत न बसता मोठं हॉस्पिटल गाठावं.