फळीचा फोटो आणि घाऊक भावाचा हिशेब

किराणा दुकानात साबणाची एकच फळी पाहिली तरी चार-पाच ब्रँड, त्यांचे दोन-तीन सुगंध आणि प्रत्येकाची दोन-तीन वजने दिसतात. या फळीचा मोबाइलवर फोटो काढून मालाची यादी आपोआप तयार व्हावी आणि त्याच यादीवरून घाऊक भाव ताडून पाहता यावेत, ही दुकानदाराची साधी गरज आहे. संगणक हे काम टप्प्याटप्प्याने करतो आणि प्रत्येक टप्प्यावर त्याचे अडखळणे वेगळे असते.

पहिला टप्पा प्रत्येक नगाभोवती चौकट आखण्याचा. रस्त्यावरच्या गाड्या मोजण्यापेक्षा हे कठीण जाते, कारण फळीवर एकसारखी पुडकी एकमेकांना चिकटून उभी असतात. एका वस्तूवर दोनदा चौकट पडू नये म्हणून संगणक एकमेकींवर चढलेल्या चौकटींपैकी एक खोडतो. दाटीत मात्र शेजारच्या खऱ्या पुडक्याचीच चौकट खोडली जाते आणि मोजणी कमी भरते. याच अडचणीवर काम व्हावे म्हणून 2019 मध्ये संशोधकांनी SKU-110K हा फोटोसंच खुला केला. त्यातल्या 11,762 फोटोंमध्ये सतरा लाखांहून जास्त वस्तूंवर चौकटी आखलेल्या आहेत, म्हणजे एका फोटोत सरासरी दीडशेच्या आसपास. पण हे फोटो सुपरमार्केटचे आहेत. आपल्याकडे दाराशी लटकणाऱ्या शाम्पूच्या लड्या, काचेच्या बरण्या आणि प्लॅस्टिकवर चमकणारा ट्यूबलाइटचा उजेड यांची भर पडते.

दुसरा टप्पा नाव ओळखण्याचा. चौकटीतला तुकडा कापून त्याचे आकड्यांच्या लांब मालिकेत रूपांतर होते आणि ती मालिका आधी साठवलेल्या नमुना-फोटोंच्या मालिकांशी जुळवली जाते. जी सर्वांत जवळची, ते नाव. या पद्धतीत नवे वेष्टन बाजारात आले, तर सगळी प्रणाली नव्याने शिकवावी लागत नाही, त्या वेष्टनाचे दोन-चार फोटो यादीत टाकले की भागते.

खरी गफलत वजनात होते. 75 ग्रॅम आणि 100 ग्रॅमच्या वड्यांचा रंग, अक्षरे, चित्र सगळे तेच असते. जवळून काढलेल्या फोटोत आकाराचा अंदाज फसतो. खात्री बारकोडवरून पटते, कारण वेगळ्या वजनाच्या पुड्याला वेगळा क्रमांक असतो. पण फळीवर बारकोड बहुधा मागे किंवा बुडाशी असतो. मग वेष्टनावर छापलेले वजन वाचावे लागते आणि ती अक्षरे बारीक असतात. म्हणून एका फोटोत एक किंवा दोनच फळ्या घ्याव्यात, मोबाइल फळीला समांतर धरावा आणि वजन वाचता आले नाही तर तो नग ‘शंकास्पद’ म्हणून वेगळा दाखवला जावा. तो हातात घेऊन बारकोड स्कॅन केला की प्रश्न मिटतो.

फोटोत फक्त पुढची रांग दिसते. समोर 4 वड्या आणि मागे 6 ची खोली असेल तर भरलेल्या फळीवर 24 नग असतात. त्यातल्या 7 मागून काढल्या गेल्या तरी फोटो तोच राहतो. त्यामुळे खरेदीतून विक्री वजा करून येणारा आकडा मूळ धरावा. फोटोचे काम रिकामी जागा आणि चुकीच्या जागी गेलेला माल दाखवण्याचे.

आता भावाचे उदाहरण घेऊ. समजा, 100 ग्रॅमच्या साबणाची 72 नगांची पेटी एक घाऊक व्यापारी करासह 2,160 रुपयांना देतो, म्हणजे नग 30 रुपयांना. दुसरा 31 रुपये सांगतो, पण 12 वर 1 फुकट. 372 रुपयांत 13 नग, म्हणजे नगाला 28 रुपये 62 पैसे. दुसरा स्वस्त वाटतो. त्याच्या भावात जीएसटी धरलेला नाही हे मात्र बिलावरच कळते. 22 सप्टेंबर 2025 पासून अंगाच्या साबणावर 5 टक्के कर आहे. तो मिळवला की 372 चे 390 रुपये 60 पैसे होतात आणि नग 30 रुपये 5 पैशांना पडतो. पहिलाच पाच पैशांनी स्वस्त निघाला. कराची वजावट मिळणाऱ्या दुकानदाराने दोन्ही भाव कर वगळून ताडले तरी क्रम हाच राहतो.

तिसरा कोणी तोच साबण 27 रुपयांना देऊ लागला, तर आधी वजन पाहावे. वडी 90 ग्रॅमची असेल तर 100 ग्रॅमला तोही 30 रुपयेच झाला. यादीत या दोन वड्या एकाच नावाखाली गेल्या असतील तर तुलना तिथेच चुकते. म्हणून प्रत्येक ओळीत ब्रँड, प्रकार, वजन, छापील किंमत आणि बारकोड हे पाच रकाने हवेत, आणि भाव लिहिताना स्कीम व कर धरून पडलेला निव्वळ दर. आठवड्यातून एकदा दहा-बारा वस्तू हाताने मोजून यादीशी ताडल्या, तर कोणत्या फळीवर फोटो वारंवार चुकतो हे महिनाभरात समजते आणि त्या फळीचे नमुना-फोटो नव्याने घेता येतात.