कानाने वाचायचा मसुदा

ठाणे जिल्ह्यात रुग्णालयाचे पूर्ण नाव क्वचितच उच्चारले जाते. कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय म्हणजे नुसते 'कळवा', ठाण्याचे जिल्हा सामान्य रुग्णालय म्हणजे 'सिव्हिल', आणि कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेची दोन रुग्णालये म्हणजे 'रुक्मिणीबाई' आणि 'शास्त्रीनगर'. येथील रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक रुग्णालयाच्या आतील खात्यांविषयीही याच धाटणीने बोलतात. त्यांना 'केसपेपर काढायचा' असतो, 'रिपोर्ट आला का' ते विचारायचे असते, 'हाडाचे डॉक्टर कधी बसतात' ते हवे असते. दूरध्वनीवरील ध्वनिमुद्रित आवाज मात्र त्यांना बाह्यरुग्ण विभाग, निदान सेवा आणि आंतररुग्ण चौकशी यांतून निवड करावयास सांगतो. या दोन भाषांमधले अंतर ज्याला मिटवायचे असते, त्या अनुवादकाच्या कामाचा हा परिचय आहे.

काम बाहेरून फार लहान दिसते. पानभर इंग्रजी मजकूर येतो, त्याखाली मराठी तर्जुमा लिहावयाचा असतो, आणि मग कोणीतरी तो ध्वनिमुद्रणकक्षात वाचतो. परंतु हा इंग्रजी मजकूर बहुधा यंत्रणा पुरविणाऱ्या कंत्राटदाराच्या तयार साच्यातून आलेला असतो, आणि साच्याची रचना रुग्णालयाच्या प्रशासकीय तक्त्यावरून घेतलेली असते. पहिल्या क्रमांकावर बाह्यरुग्ण विभाग, दुसऱ्यावर आंतररुग्ण चौकशी, तिसऱ्यावर तातडीची सेवा, चौथ्यावर निदान सेवा, पाचव्यावर स्त्रीरोग व प्रसूती, सहाव्यावर देयके, सातव्यावर विमा, आणि सर्वांत शेवटी, शून्यावर, माणूस. यातील प्रत्येक शब्दाला मराठी प्रतिशब्द शोधून दिला म्हणजे अनुवाद पुरा झाला असे जो मानतो, त्याच्या हातून शुद्ध मराठीतील एक निरुपयोगी यादी तयार होते.

टिटवाळ्याच्या एका घरात सुनेला मध्यरात्री कळा सुरू झाल्या आहेत आणि सासूने रुग्णालयाला फोन लावला आहे, अशी कल्पना करावी. वरील यादीत तिची जागा कोणती? कळा आल्या म्हणून तातडीची सेवा, बाळंतपण म्हणून प्रसूती, नाव आधी नोंदविलेले म्हणून आंतररुग्ण. तिन्ही उत्तरे बरोबर आहेत, आणि म्हणूनच यादी चूक आहे. शिवाय प्रसूतीचा क्रमांक पाचवा असल्याने तो कानावर पडेपर्यंत पंधरा-वीस सेकंद निघून जातात, आणि तेवढ्या वेळात तिसरा क्रमांक काय होता ते ती विसरलेली असते. येथे अनुवादकाने प्रतिशब्द बदलून भागत नाही. त्याला यादीचा क्रम, शाखा आणि संख्या बदलण्याची मुभा मागावी लागते, आणि ती काम हाती घेण्यापूर्वीच, लेखी मागावी, असे माझे मत आहे.

त्या मसुद्याची पुनर्रचना मी अशी करीन. भाषा विचारणारे वाक्य त्या त्या भाषेत, अतिशय थोडक्यात: 'मराठीसाठी एक दाबा', आणि लगेच पुढे हिंदीत हिंदीचे वाक्य. उल्हासनगर शेजारी असल्याने सिंधी भाषकही या रुग्णालयांत येतात, परंतु त्यांतील बहुतेकांना हिंदी समजते. म्हणून तिसरी-चौथी भाषा वाढविण्यापेक्षा या दोन भाषा स्वच्छ ठेवणे हिताचे. त्यानंतर पहिलेच वाक्य: 'श्वास लागत असेल, छातीत दुखत असेल, अपघात झाला असेल किंवा बाळंतपणाच्या कळा सुरू असतील, तर एक दाबा.' दुसरे: 'डॉक्टरांना दाखवायचे असेल, किंवा केसपेपरविषयी विचारायचे असेल, तर दोन दाबा.' तिसरे: 'रक्त-लघवीच्या तपासणीचा, एक्स-रेचा किंवा सोनोग्राफीचा रिपोर्ट हवा असेल, तर तीन दाबा.' चौथे: 'दाखल असलेल्या रुग्णाची चौकशी किंवा बिलाची माहिती हवी असेल, तर चार दाबा.' आणि 'काही दाबले नाही, तरी आमच्या माणसाशी आपला फोन जोडला जाईल.' विमा आणि देयके चौथ्या क्रमांकाच्या आत गेली, स्त्रीरोगाची बाह्यरुग्ण तपासणी दुसऱ्याच्या आत गेली, आणि कळा आलेल्या सुनेला पहिलेच वाक्य लागू झाले. याच पहिल्या वाक्यानंतर रुग्णवाहिकेसाठी १०८ लावण्याची सूचना द्यावी. महाराष्ट्रात ती सेवा २०१४ पासून चालू आहे, आणि ती रुग्णालयाच्या रांगेत थांबण्यापेक्षा अधिक वेगाने मदत आणू शकते.

या वाक्यांची रचना लक्षात घेण्याजोगी आहे. प्रत्येकात गरज आधी येते आणि आकडा शेवटी येतो. मराठी वाक्य स्वभावतःच क्रियापदावर संपते, त्यामुळे हा क्रम सहज साधतो. परंतु ज्या साच्यात मुळात 'एक दाबा' हे आधी आणि कारण मागाहून आहे, त्याचा शब्दशः तर्जुमा केला तर ऐकणाऱ्याला आकडा लक्षात ठेवून कारणाची वाट पाहावी लागते, आणि कारण आपले नाही असे कळले की तो आकडा वाया जातो. शिवाय ज्या हाताने फोन धरला आहे त्याच हाताने आकडा दाबावयाचा असतो. फोन कानाला लावला की पडदा विझतो, तो दूर घ्यावा, कीपॅड उघडावा, आकडा शोधावा. ज्येष्ठ माणसाला यात सहज आठ-दहा सेकंद लागतात. डोंबिवलीच्या एका प्रतीक्षागृहात मसुदा ऐकवून पाहताना एका मावशीने मला अगदी सरळ सांगितले, 'बाई बोलली ते कळलं हो, पण बटण दाबायला फोन खाली घेतला न् तेवढ्यात ती पुढचंच बोलायला लागली.' त्यावर उपाय सोपा होता: प्रत्येक वाक्यानंतर एक-दोन सेकंदांची शांतता ठेवावी, यादी संपल्यावर उत्तरासाठी दहा सेकंदांचा अवकाश द्यावा, आणि ध्वनिमुद्रण चालू असतानाही दाबलेला आकडा यंत्राने स्वीकारावा. आकडा दाबला की फोन दोन सूर एकदम पाठवितो. 'एक'साठी ६९७ आणि १२०९ हर्ट्‌झ. ही पद्धत अमेरिकेत १९६३ साली बेल कंपनीने प्रचारात आणली. यंत्र हे सूर मुद्रण चालू असतानाही ओळखू शकते. ते ओळखू द्यावयाचे की नाही, हे मात्र कोणीतरी ठरवावे लागते.

आता ध्वनीकडे वळू. जुन्या दूरध्वनीची वाट साधारण ३०० ते ३४०० हर्ट्‌झ एवढ्याच पट्ट्याची आहे, आणि रुग्णालयांची पुष्कळशी यंत्रे आजही त्याच पट्ट्यात, सेकंदाला ८००० नमुने घेऊन, आवाज साठवितात. 'स' आणि 'श' यांची बरीचशी शक्ती या पट्ट्याच्या वर असते, म्हणून ध्वनिमुद्रणकक्षात ठसठशीत ऐकू आलेला 'स्त्रीरोग' हा शब्द फोनवर पोहोचेपर्यंत आपले आद्याक्षर गमावून बसतो. त्याहूनही मोठा दोष आपल्या पारिभाषिक शब्दांच्या शेपटांचा आहे. त्वचारोग, अस्थिरोग, नेत्ररोग, मनोरोग, क्षयरोग: या सर्वांचा उत्तरार्ध एकच, आणि भेद दाखविणारा पूर्वार्ध क्षणात उच्चारून संपणारा. लोकलच्या आवाजात, फलाटाच्या गलबल्यात ऐकणाऱ्याच्या कानी पाचदा 'रोग विभागासाठी' एवढेच राहते. 'हाडांचे दुखणे', 'डोळे', 'त्वचा' असे म्हटले म्हणजे हा घोटाळा होत नाही, आणि शब्दाचा मानही कमी होत नाही. फलकावर अस्थिरोग विभाग असे लिहिलेले राहू द्यावे, कारण तेथे डोळा पुन्हा मागे जाऊन वाचू शकतो.

आकड्यांच्या बाबतीतही सावधगिरी हवी. एक ते पाच हे मराठी आकडे कानाला पुरेसे भिन्न आहेत. सात आणि आठ यांत दोन्हीकडे 'आ', आणि त-ठ यांचा भेद फोनवर क्षीण; पुढे सहा-दहा, साठ-सात अशी जोडपी आहेत. यादी चारावर थांबविण्याचे हे आणखी एक कारण.

सर्वांत कठीण भाग मात्र तो, जो इंग्रजी साच्यात अगदी सोपा असतो. यंत्रणा विभागाचे नाव एकदाच मुद्रित करून घेते, आणि 'साठी', 'येथे', 'मध्ये' असे तुकडे त्याला जोडून वाक्ये बनविते, जशी रेल्वे स्थानकावर गाडीचे नाव आणि फलाटाचा क्रमांक जोडून घोषणा होते. मराठीत नाम सामान्यरूपात बदलते: प्रयोगशाळेसाठी, दवाखान्यासाठी, विभागासाठी. त्यामुळे जोडलेले वाक्य 'प्रयोगशाळा साठी' असे निघते, आणि ऐकणारा ते परक्या माणसाचे मराठी म्हणून ऐकतो. लिंगाचाही प्रश्न येतो, कारण विभाग निवडला जातो आणि सेवा निवडली जाते. म्हणून पूर्ण वाक्येच मुद्रित करावीत. तेवढी जास्त मुद्रणे झाली तरी चालेल.

रांगेतील क्रमांक सांगण्याची वेळ आली की हीच अडचण उग्र होते. यंत्राला पन्नास आणि नऊ हे दोन तुकडे दिले तर ते 'पन्नास नऊ' म्हणेल, आणि मराठी माणूस 'एकोणसाठ' म्हणतो. शंभरापर्यंतचे आपले आकडे जोडून बनत नाहीत, ते प्रत्येक वेगळे नाम आहे. तेव्हा एक ते नव्याण्णव यांची स्वतंत्र मुद्रणे, आणि पुढे शंभर, एकशे, दोनशे इत्यादींची, करून घेणे हाच मार्ग. रिपोर्टच्या क्रमांकासाठी मी तोही टाळतो, आणि अंक एकेक सांगावा असे सुचवितो: 'चार, सात, दोन'. एकोणसत्तर आणि सत्तर यांत गफलत झाली तर दुसऱ्याच रुग्णाच्या कागदावर बोट जाईल. वेळा मात्र लोक बोलतात तशाच सांगाव्यात. सकाळी साडेनऊ, दुपारी दीड.

हे सर्व बरोबर झाले की नाही, ते कागद वाचून कळत नाही. कागद वाचणारा अधिकारी डोळ्याने वाचतो आणि शुद्ध मराठी पाहून समाधान पावतो. चाचणी फोनवरच घ्यावी, आणि मजकूर न दाखविता घ्यावी. पाचेक नातेवाइकांना एकेक प्रसंग द्यावा, 'सासूबाईंचा रिपोर्ट काल यायचा होता, कोणता आकडा?' असा, आणि ते किती वेळ थांबतात, काय दाबतात ते लिहून घ्यावे. कल्याणभोवतालच्या गावांतील आगरी बोलणारे लोक आणि शहरातील हिंदी भाषक यांना या पाचांत स्थान असावे. यंत्रणा सुरू झाल्यावर यंत्राची नोंदवही बोलते: फोन कोणत्या वाक्यापाशी तुटतो, काही न दाबता किती जण माणसापर्यंत जातात, आणि एका खात्याने पुढे पाठविलेले फोन किती. तिसऱ्या वाक्यापाशी पुष्कळ जण तुटत असतील तर दोष वाक्याचा आहे. जोडल्यानंतर पाच सेकंदांत परत जात असतील तर दोष क्रमाचा. विभागातील लिपिकाने चुकून आलेल्या प्रत्येक फोनला वहीत एक रेघ ओढली तरी आठवड्यात चित्र स्पष्ट होते.

या मसुद्याची उस्तवार पुढेही चालू राहते. बाह्यरुग्ण विभाग दुपारी बंद झाला की दुसरे वाक्य रात्रीच्या मुद्रणातून वगळावे लागते, नाहीतर ऐकणारा क्रमांक दाबून रिकाम्या टेबलावरची घंटा ऐकत बसतो. नवे वाक्य मुद्रित करताना मूळ आवाजाची व्यक्तीच पुन्हा बोलावावी, नाहीतर मध्येच बदललेला स्वर ऐकून लोकांना आपला फोन दुसरीकडे गेला असे वाटते. आणि प्रत्येक ध्वनिफितीच्या नावात तिची तारीख घालून मसुद्याची एक प्रत रुग्णालयाच्या दप्तरात ठेवावी, म्हणजे कंत्राटदार बदलला तरी वाक्ये हातची जाणार नाहीत.