कार्यभार हस्तांतरणाचे टिपण : ऑनलाइन जाहिरात खात्याच्या संदर्भात

प्रास्ताविक

विपणन अधिकारी पद सोडताना आपल्या उत्तराधिकाऱ्यासाठी जे टिपण ठेवतो, त्यात बहुधा खात्यात काय आहे याची यादी असते. वास्तविक ही यादी खाते उघडताच कोणालाही दिसते. दिसत नाही ते त्यामागचे कारण. प्रस्तुत लेखात गूगल ॲड्स या जाहिरात खात्याचा आणि एका महाविद्यालयाच्या प्रवेश-जाहिरातींच्या काल्पनिक उदाहरणाचा आधार घेऊन हा मुद्दा स्पष्ट केला आहे.

खात्याची रचना

या खात्यात कॅम्पेन, त्याखाली ॲड ग्रुप आणि त्यात शोधशब्द व जाहिराती अशी उतरंड असते. दैनिक खर्चाची मर्यादा सामान्यतः कॅम्पेनच्या पातळीवर ठरते. आपल्या उदाहरणात दोन कॅम्पेन आहेत. पहिले महाविद्यालयाचे नाव शोधणाऱ्यांसाठी, तर दुसरे केवळ अभ्यासक्रम शोधणाऱ्यांसाठी. पहिल्यातून महिन्याला 100 चौकशा 8,000 रुपयांत, म्हणजे प्रत्येकी 80 रुपयांत येतात. दुसऱ्यातून 100 चौकशांना 50,000 रुपये, म्हणजे प्रत्येकी 500 रुपये लागतात. नाव शोधणारा विद्यार्थी आधीच महाविद्यालयाकडे वळलेला असतो. म्हणून दुसऱ्या कॅम्पेनमध्ये महाविद्यालयाचे नाव वर्ज्य शब्द म्हणून नोंदवलेले आहे.

हे कारण टिपणात नसेल तर नव्या अधिकाऱ्याला ती नोंद निरुपयोगी वाटू शकते. त्याने ती काढली आणि नावाने शोधणाऱ्यांपैकी 50 चौकशा त्याच दराने दुसऱ्या कॅम्पेनकडे वळल्या, तर तेथे 54,000 रुपयांत 150 चौकशा दिसतील. प्रत्येकीचा खर्च 500 वरून 360 रुपयांवर येईल आणि अहवालात ती मोठी सुधारणा ठरेल. प्रत्यक्षात एकूण चौकशा 200 आणि एकूण खर्च 58,000 रुपये, दोन्ही होते तसेच राहतात. दोन्ही कॅम्पेनची बेरीज एकत्र पाहिली तरच हा भ्रम उघड होतो.

चालू चाचणी

हस्तांतरणात सर्वाधिक नाजूक बाब म्हणजे अर्धवट अवस्थेतील चाचणी. समजा, चौकशी-अर्जाच्या जुन्या व नव्या पानांची तुलना सुरू आहे. जुन्या पानावर 4 टक्के भेट देणारे अर्ज भरतात. नव्या पानामुळे हे प्रमाण 5 टक्के झाले तर ते ओळखता यावे, अशी अपेक्षा आहे. 5 टक्के सार्थकता पातळी आणि 80 टक्के सामर्थ्य धरल्यास प्रत्येक पानाला सुमारे 6,800 भेटी लागतात. रोज प्रत्येकी 200 भेटी मिळत असल्यास ही संख्या 34 दिवसांत भरते. शनिवार-रविवारची वर्दळ निराळी असल्याने पूर्ण पाच आठवडे ठरवणे इष्ट.

बाराव्या दिवशी अधिकारी बदलतो. त्या वेळी प्रत्येक पानाला 2,400 भेटी झाल्या असून जुन्यावर 96 व नव्यावर 125 अर्ज आले आहेत. गणित केल्यास हा फरक 5 टक्क्यांच्या पातळीवर जेमतेम सार्थ ठरतो. नव्या अधिकाऱ्याला रुजू होताच यश पदरात पाडून घेण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. परंतु 5 टक्क्यांची हमी ठरलेल्या वेळी एकदाच निकाल पाहण्यासाठी असते. आर्मिटेज, मॅकफर्सन व रो यांनी 1969 मध्ये दाखवून दिल्याप्रमाणे, मुळात फरक नसतानाही साठत जाणारी आकडेवारी दहा वेळा तपासून सार्थ दिसताच थांबल्यास चुकीच्या निष्कर्षाची शक्यता सुमारे 19 टक्क्यांपर्यंत जाते. मग पुढील वर्षीचा सारा प्रवेश-खर्च कदाचित अधिक चांगल्या नसलेल्या पानावर होतो. यास्तव टिपणात समाप्तीची तारीख, अपेक्षित भेटी, निर्णयाचा एकच निकष आणि तोपर्यंत हात लावू नये अशा गोष्टी लिहाव्यात. आजवरचे आकडे लिहावेत की नाही, याबद्दल मतभेद संभवतो. प्रस्तुत लेखकाच्या मते ते न लिहिणेच बरे.

प्रवेशाधिकार

येथे क्रम महत्त्वाचा आहे. प्रथम उत्तराधिकाऱ्याला संस्थेच्या ईमेल पत्त्यावर ॲडमिन अधिकार द्यावा. त्याने स्वतः प्रवेश करून पाहावा आणि त्यानंतरच जाणाऱ्याचे नाव काढावे. ॲडमिन किमान दोन असावेत. सामायिक पासवर्डाची प्रथा दोन कारणांनी घातक ठरते. बदलांच्या इतिहासात कोणी काय केले हे कळत नाही, आणि द्विस्तरीय पडताळणीचा संकेतांक जाणाऱ्याच्या खासगी भ्रमणध्वनीवरच येत राहतो. बाहेरील जाहिरात संस्थेला तिच्या मॅनेजर खात्यातून जोडलेले असेल, तर ती जोडणी कोणाच्या संमतीने व कशासाठी, हेही नोंदवावे.

एक गोष्ट मात्र हमखास सुटते. जाहिरात खात्यातून नाव काढल्याने ॲनालिटिक्स, टॅग मॅनेजर आणि देयकांची प्रोफाइल यांतील अधिकार रद्द होत नाहीत. ते प्रत्येक ठिकाणी स्वतंत्रपणे काढावे लागतात. त्यांपैकी टॅग मॅनेजर प्रथम तपासावे, कारण अर्ज भरल्याची नोंद तेथून होत असेल तर तेथील एका बदलाने वरील चाचणीची मोजणीच थांबू शकते.