गच्च स्लाइड मोकळी करताना

पॉवरपॉइंटमधली आजची रुंद स्लाइड १३.३३ इंच लांब आणि ७.५ इंच उंच असते. गुणाकार केला तर तिचे क्षेत्रफळ १०० चौरस इंच भरते, म्हणजे स्लाइडवरचा एक चौरस इंच हा तिचा एक टक्का. हा हिशेब हाताशी असला की गर्दी कुठून येते ते मोजून पाहता येते. वर शीर्षक आणि बोधचिन्हासाठी १.४ इंचांची पट्टी, खाली तारीख, संस्थेचे नाव व पान क्रमांक यांच्यासाठी ०.६ इंचाची पट्टी आखली, तर मूळ मजकुराचा पहिला शब्द पडण्याआधीच २७ टक्के जागा संपलेली असते. नुसता चारही बाजूंनी ०.६ इंचाचा समास सोडायचा म्हटले तरी २४ टक्क्यांच्या आसपास जागा त्याला लागते. म्हणून मजकूर वाढला की सर्वांत आधी समास खाल्ला जातो आणि त्यानंतर अक्षरे लहान होतात.

अक्षरे लहान होणे बहुतेकदा कोणी ठरवून केलेले नसते. मजकुराच्या चौकटीत जास्त ओळी आल्या की पॉवरपॉइंट स्वतःहून अक्षरांचा आकार आणि ओळींमधले अंतर कमी करत जाते. २८ पॉइंटांनी सुरू झालेला मजकूर असाच गुपचूप १८ वर येतो आणि करणाऱ्याला वाटते की सगळे नीट मावले. Format Shape मधल्या Text Box या भागात Do not Autofit हा पर्याय निवडला, तर जास्तीच्या ओळी चौकटीबाहेर लोंबू लागतात. दिसायला ते वाईट दिसते, पण किती मजकूर जास्त आहे हे त्यातून खरे कळते. कोणतीही स्लाइड मोकळी करायला घेताना सुरुवात इथून करावी.

आता एक स्लाइड प्रत्यक्ष सोडवून पाहू. समजा, एका दूध उत्पादक सहकारी संस्थेच्या वार्षिक सभेत ती दाखवायची आहे. शीर्षक आहे ‘वार्षिक आढावा : दूध संकलन, सभासद व गुणवत्ता’. डावीकडे चार मुद्दे आहेत : संकलनात सातत्याने वाढ, ४४ नवे सभासद, फॅट स्थिर, लम्पीच्या साथीतही काम सुरू. उजवीकडे वर २०२०-२१ ते २०२४-२५ या पाच वर्षांचा तक्ता आहे. त्यात वर्ष, रोजचे सरासरी संकलन, सभासद आणि फॅट असे चार रकाने. तक्त्याखाली त्याच संकलनाचा त्रिमिती स्तंभालेख, शेजारी त्याची रंगसूची, मागे निळी छटा, कोपऱ्यात बोधचिन्ह आणि तळाला पट्टी.

काढायला सुरुवात करायची ती ज्यांच्यात माहितीच नाही अशा गोष्टींपासून. मागची छटा, स्तंभांची खोली, आलेखाभोवतीची चौकट आणि तळपट्टीतले संस्थेचे नाव या सगळ्यांची गरज शून्य आहे, कारण सभा त्याच संस्थेची आहे. बोधचिन्ह पहिल्या आणि शेवटच्या स्लाइडवर असले की पुरते. पान क्रमांक मात्र ठेवावा. सभासद प्रश्न विचारताना त्याचाच आधार घेतात. आलेखात एकच मालिका असल्यामुळे रंगसूची काहीच सांगत नाही, म्हणून तीही जाते. माहिती न देणारी शाई कमी करावी हा विचार एडवर्ड टफ्टी यांनी १९८३ सालच्या आपल्या पुस्तकात आलेखांच्या संदर्भात काटेकोरपणे मांडला. स्लाइडला तो जसाच्या तसा लागू पडतो.

पुढची पायरी रेषांची. शीर्षकाची ओळ धरून सहा ओळी आणि चार रकान्यांच्या तक्त्याला सर्व बाजूंनी आखले, तर सात आडव्या आणि पाच उभ्या अशा बारा रेषा होतात. चित्रकार योझेफ आल्बर्स यांनी दाखवून दिले होते की कागदावर दोन पट्ट्या शेजारी ठेवल्या की मधली पांढरी जागा तिसरी पट्टी म्हणून दिसू लागते. बारा रेषांच्या जाळ्यात डोळ्याला अशा कितीतरी नको असलेल्या पट्ट्या दिसतात आणि आकडे त्यांच्यात अडकून बसतात. यातल्या अकरा रेषा काढता येतात. शीर्षकाच्या ओळीखालची एक ठेवायची. उभ्या रेषांचे काम मग संरेखन करते. आकडे उजव्या कडेला जुळवले, एककाखाली एकक आला, की रकाना रेषेशिवायही उभा राहतो. आकडे मधोमध ठेवून रेषा पुसल्या तर तक्ता विस्कटतो आणि दोष मोकळ्या जागेच्या माथी मारला जातो. खरा दोष संरेखनाचा असतो. प्रत्येक घरात लिहिलेला ‘लिटर’ हा शब्दही रकान्याच्या शीर्षकात एकदाच लिहावा.

इथवर शब्दसुद्धा जवळजवळ गेलेला नाही, तरी स्लाइड बरीच हलकी झालेली असते. खरा निर्णय यानंतरचा आहे. तक्ता आणि आलेख दोन्ही तेच संकलन सांगतात : ४,१२०, ४,३८०, ४,३१०, ४,९५० आणि ५,६४० लिटर. एकच गोष्ट दोनदा सांगितलेली असेल, तर एक रूप ठेवून दुसरे काढल्याने काहीच हरवत नाही. सभेत सांगायचे आहे ते वाढीबद्दल, म्हणून आलेख ठेवावा. प्रत्येक स्तंभाच्या डोक्यावर त्याचा आकडा लिहिला की डावीकडचा उभा अक्ष आणि मागच्या आडव्या रेषाही अनावश्यक ठरतात. अक्ष काढला तरी स्तंभ शून्यापासूनच सुरू व्हायला हवेत, नाहीतर वाढ फुगलेली दिसेल. स्तंभांमधली फटही इथेच जुळवावी. पॉवरपॉइंटमध्ये Gap Width मूळचे बरेच जास्त, २१९ टक्के असते, म्हणजे फट स्तंभाच्या दुपटीहून रुंद. ती ५० ते ६० टक्क्यांवर आणली की स्तंभ एक गट म्हणून दिसतात आणि मधल्या पांढऱ्या पट्ट्या त्यांच्याशी स्पर्धा करत नाहीत.

असे करता करता एक गोष्ट उघडी पडते. तिसरा स्तंभ दुसऱ्यापेक्षा बुटका आहे. २०२२-२३ मध्ये संकलन ७० लिटरने घटले होते, म्हणजे ‘सातत्याने वाढ’ हा मुद्दा चुकीचा होता. तक्ता, आलेख आणि मुद्दा तिन्ही एकाच स्लाइडवर असूनही ती विसंगती गर्दीत दिसली नव्हती. त्या वर्षी महाराष्ट्रात लम्पी त्वचारोगाची साथ पसरली होती. संस्थेच्या घटीचे कारण तेच असेल, तर चौथा मुद्दा वेगळा राहण्याची गरज नाही. ‘लम्पीची साथ’ एवढे दोन शब्द तिसऱ्या स्तंभाजवळ लिहिले की पुरे. सुटा मुद्दा पुसला, पण त्यातली माहिती जिथे लागते तिथे गेली. मोकळे करण्याचा हा सर्वांत चांगला प्रकार. शीर्षकातही विषयाचे नाव ठेवण्यापेक्षा निष्कर्ष लिहावा : ‘पाच वर्षांत रोजचे संकलन ३७ टक्क्यांनी वाढले’. मग पहिला मुद्दाही शीर्षकात सामावतो.

उरले सभासद आणि फॅट. सभासद ३१२ वरून ३५६ झाले, म्हणजे सुमारे १४ टक्के वाढ. संकलनाची वाढ ३७ टक्के आहे, म्हणजे प्रत्येक सभासदामागे येणारे दूधही वाढले आहे. ही गोष्ट महत्त्वाची आहे आणि तिला स्वतंत्र स्लाइड द्यावी. एकाच स्लाइडवर दोन मिनिटे बोलण्याऐवजी दोन स्लाइडवर एकेक मिनिट बोलले तर सभेचा वेळ वाढत नाही. फॅट पाचही वर्षे ४.० ते ४.१ च्या आसपास राहिले. त्याचा पूर्ण तक्ता सभासदांना मिळणाऱ्या छापील अहवालात असावा आणि बोलणाऱ्याने तो तोंडी सांगावा. काढलेली प्रत्येक गोष्ट कुठे गेली याची नोंद स्लाइडखालच्या नोट्समध्ये करावी : पुढची स्लाइड, अहवालाचे पान, की बोलण्यात. ज्या गोष्टीपुढे काहीच लिहिता येत नाही, ती एकतर अनावश्यक होती किंवा चुकून हरवली आहे.

आता हाती आलेली जागा वाटायची, आणि ती सारखी वाटायची नाही. माक्स वेर्टहायमर या मानसशास्त्रज्ञाने १९२३ मध्ये मांडले की जवळजवळ असलेल्या गोष्टी डोळा एका गटात धरतो. सगळीकडे अर्धा अर्धा इंच मोकळा सोडला तर गट बनतच नाहीत आणि स्लाइड विरळ तरीही गोंधळलेली दिसते. गटाच्या आत जितके अंतर, त्याच्या निदान दुप्पट दोन गटांमध्ये असावे. आकडा स्तंभाला चिकटून, वर्ष स्तंभाच्या पायाशी, शीर्षक मात्र आलेखापासून सुटे. सगळ्यांची डावी कड एकाच रेषेत आणली की मधे अडकलेले पांढरे तुकडे नाहीसे होतात आणि जागा एका बाजूला एकत्र जमते. ती भरायला चित्र शोधायचा मोह टाळावा.

देवनागरीला या वाटपात स्वतःचा हिस्सा लागतो. वर वेलांट्या, मात्रा, अनुस्वार आणि रफार, खाली उकार आणि जोडाक्षरांचे पाय. पॉवरपॉइंटच्या नेहमीच्या साच्यात ओळींमधले अंतर ०.९ पट ठेवलेले असते. रोमन लिपीला ते चालते, पण मराठीत वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीवर जाऊन बसतो. ते १.१ ते १.२ पर्यंत वाढवावे आणि त्यासाठी लागणारी जागा शब्द कमी करून मिळवावी.

काम जमले का हे Slide Sorter मध्ये पाहावे. स्लाइड तिथे पोस्टाच्या तिकिटासारखी दिसते. तेवढ्या आकारातही आधी शीर्षक आणि मग चढते स्तंभ ओळखू आले, तर क्रम बरोबर आहे. सगळा एकसारखा करडा ठिपका दिसत असेल, तर अजून काढायचे बाकी आहे. दुसरी तपासणी माणसाकडून होते. विषय माहीत नसलेल्या एखाद्याला स्लाइड दाखवून काय समजले ते विचारावे. एकक, वर्ष किंवा ‘रोजचे सरासरी’ हे शब्द त्याने चुकीचे सांगितले, तर कात्री जास्त चालली आहे. एकके, कालावधी आणि अटी यांना हात लावू नये. वाक्य आटोपशीर करताना ‘अंदाजे’ हा शब्द गळाला की अंदाजाची वस्तुस्थिती होते.

या पद्धतीची मर्यादाही टफ्टी यांच्याच कामातून कळते. २००३ मध्ये कोलंबिया यान अवकाशात असताना, त्यावर आदळलेल्या फोमच्या धोक्याबद्दल अभियंत्यांनी केलेली एक स्लाइड त्यांनी तपासली आणि त्यांचे विश्लेषण अपघाताच्या चौकशी अहवालातही घेतले गेले. आदळलेल्या तुकड्यासाठी १,९२० घन इंच हे आकारमान धरले होते आणि चाचणीतला तुकडा ३ घन इंचांचा होता, हा फरक अनेक स्तरांच्या मुद्द्यांखाली अगदी तळाला होता. टफ्टी यांनी त्यावर फक्त मोकळ्या जागेचा उपाय सांगितला नाही. असा विषय सलग वाक्यांच्या लेखी अहवालात मांडावा, असे त्यांचे म्हणणे होते. सभागृहात दाखवायची स्लाइड मोकळी करता येते. पण जी स्लाइड कोणी न बोलता ईमेलने पाठवली जाणार आहे आणि टेबलावर बसून वाचली जाणार आहे, तिला जास्त मजकूर लागतोच. तिथे वरच्या उदाहरणातला फॅटचा तक्ता परत आणावा, अकरा रेषांशिवाय.