खरेदीचा निर्णय घेणारा माणूस नेमका कसा शोधायचा?

भोसरीतल्या एखाद्या छोट्या कारखान्याचे उदाहरण घेऊ. चार सीएनसी मशिन, टर्निंगचे जॉबवर्क आणि मालाचा दर्जा चांगला. मालकाला चाकण पट्ट्यातल्या वाहन-सुटे भागांच्या मोठ्या कंपन्यांत व्हेंडर म्हणून शिरायचे आहे. कंपन्यांची नावे त्याला ठाऊक आहेत, पण त्या कंपन्यांत नवा व्हेंडर घ्यायचा की नाही हे ठरवणारा माणूस कोण, हे ठाऊक नाही. गेटवर दिलेले ब्रोशर त्या माणसाच्या टेबलापर्यंत क्वचितच पोहोचते. अशा वेळी बहुतेक जण लिंक्डइन उघडतात आणि शोधचौकटीत दोन शब्द टाकतात: `purchase manager`.

उत्तरादाखल हजारो नावे येतात. त्यांत हॉटेलचे खरेदी अधिकारी असतात, दुबईत स्थायिक झालेले असतात आणि दहा वर्षांपूर्वी कधीतरी खरेदी विभागात काम केलेलेही असतात. मुख्य शोधचौकट शब्द संपूर्ण प्रोफाइलभर शोधते, त्यामुळे हा गोंधळ होतो. मग कुणीतरी सांगते की शब्द अवतरणचिन्हांत टाका. `"purchase manager"` असे लिहिले की यादी आटोपशीर होते खरी, पण आता उलटा घोटाळा होतो. आपल्याकडचे कितीतरी अधिकारी आपले पद ‘मॅनेजर - परचेस’ किंवा ‘डीजीएम - स्ट्रॅटेजिक सोर्सिंग’ असे लिहितात. अवतरणातले शब्द त्याच क्रमाने जुळावे लागतात. म्हणून नेमकी हवी असलेली माणसे यादीतून गळतात, आणि गळाली हे कळतही नाही.

यावरचा तोडगा जॉर्ज बूल या इंग्रज गणितज्ञाच्या तर्कपद्धतीत आहे. त्याने 1854 साली विचारांचे नियम बीजगणितासारखे मांडणारा ग्रंथ प्रसिद्ध केला. आज शोधासाठी त्यातून उरतात तीन शब्द. AND म्हणजे दोन्ही हवे, OR म्हणजे यांपैकी कोणतेही चालेल, NOT म्हणजे हे नको. लिंक्डइनवर हे तिन्ही शब्द मोठ्या इंग्रजी अक्षरांतच लिहावे लागतात.

पण चौकटीत काही लिहिण्याआधी कागदावर करायचे एक काम आहे. व्हेंडर निवडण्याचे काम कंपनीत कोणकोणत्या नावांनी चालते, ते लिहून काढायचे. परचेस, प्रोक्युअरमेंट, सोर्सिंग, सप्लाय चेन आणि वाहन उद्योगात हमखास आढळणारे ‘व्हेंडर डेव्हलपमेंट’. आपल्या उद्योजकाच्या दृष्टीने हे शेवटचे नाव सर्वांत मोलाचे, कारण नवा पुरवठादार शोधणे हेच त्या विभागाचे काम असते. रोजच्या ऑर्डरी काढणारा बायर ओळखीचा झाला, तरी नव्या व्हेंडरचा निर्णय सहसा त्याच्या हातात नसतो. नावांच्या या यादीशेजारी हुद्द्यांची यादी करायची: हेड, मॅनेजर, जीएम, डीजीएम, एजीएम, व्हीपी, एव्हीपी. दोन्ही याद्या जोडल्या की शोधवाक्य तयार होते:

```
("vendor development" OR sourcing OR purchase
OR procurement OR "supply chain")
AND (head OR manager OR GM OR DGM OR AGM OR VP OR AVP)
NOT (trainee OR intern OR consultant)
```

हे वाक्य मुख्य चौकटीत न टाकता फिल्टरमधल्या पदनामाच्या, म्हणजे `Title` या रकान्यात एका ओळीत टाकायचे. मग कंपनीच्या फिल्टरमध्ये ‘सध्याची कंपनी’ निवडून लक्ष्य कंपन्या एकेक करून जोडायच्या आणि ठिकाण म्हणून पुणे परिसर ठेवायचा. आता हजारोंच्या जागी काही डझन नावे उरतात आणि ती एका बैठकीत वाचून होतात.

कंस मात्र विसरून चालत नाही. लिंक्डइन AND आधी सोडवते आणि OR नंतर. त्यामुळे `purchase OR sourcing AND head` असे लिहिले, तर सोर्सिंगचे फक्त हेड मिळतात, पण परचेसमधला शिकाऊ मुलगासुद्धा यादीत येतो. दुसरी अडचण अवतरणचिन्हांची आहे. वर्ड फाइलमधून वाक्य चिकटवले तर सरळ चिन्हांच्या जागी वळणदार चिन्हे येतात, आणि ती लिंक्डइनला चालत नाहीत. अर्धा शब्द लिहून पुढे तारांकन देण्याची युक्तीही इथे उपयोगाची नाही.

सर्वांत जपून वापरायचा शब्द म्हणजे NOT. कनिष्ठ लोक नकोत म्हणून कुणी `NOT assistant` लिहितो आणि त्याच फटक्यात ‘असिस्टंट जनरल मॅनेजर’ आणि ‘असिस्टंट व्हाइस प्रेसिडेंट’ बाहेर जातात. ‘एक्झिक्युटिव्ह’चेही तसेच आहे. अमेरिकेत हा शब्द वरच्या अधिकाऱ्यांसाठी वापरतात, आपल्याकडे ‘परचेस एक्झिक्युटिव्ह’ बहुधा नुकताच लागलेला असतो. पण तो शब्द वगळला की ‘एक्झिक्युटिव्ह डायरेक्टर’ही जातो. म्हणून वगळायचा प्रत्येक शब्द आधी NOT न लावता शोधून पाहावा, म्हणजे तो कुणाकुणाला घेऊन जाणार आहे ते दिसते.

सेल्स नॅव्हिगेटर या पैसे भरून मिळणाऱ्या सेवेत ज्येष्ठता, विभाग, कंपनीतली माणसांची संख्या आणि त्या पदावरची वर्षे असे आणखी फिल्टर असतात. नुकतीच नोकरी बदललेल्यांचा फिल्टर विशेष कामाचा आहे, कारण नव्या जागी आलेला अधिकारी अनेकदा जुन्या व्हेंडरांची यादी नव्याने तपासतो. ज्येष्ठतेच्या फिल्टरवर मात्र सगळी भिस्त ठेवू नये. व्यासपीठ ती पदनामावरून ताडते. घरच्या कंपनीतला ‘डायरेक्टर’ मालक असतो, तर बहुराष्ट्रीय कंपनीतला ‘डायरेक्टर’ मधल्या फळीतला असू शकतो, आणि फिल्टर दोघांना एकाच पायरीवर बसवतो. कंपनीच्या फिल्टरलाही मर्यादा आहे. ज्याने आपले प्रोफाइल कंपनीच्या अधिकृत पानाशी जोडलेले नाही, तो त्यात सापडत नाही. म्हणून कंपनीचे नाव नुसता शब्द म्हणून टाकूनही एकदा शोधावे.

शोधवाक्य बरोबर जमले की नाही, हे दोन प्रकारे कळते. पहिल्या वीस नावांची पदे वाचावीत. चुकीच्या नावांत एकच शब्द पुन्हा पुन्हा दिसत असेल, तर दुरुस्ती तिथे करायची. दुसरी कसोटी अधिक महत्त्वाची आहे. त्या कंपनीतला आपल्याला आधीपासून माहीत असलेला एखादा खरेदी अधिकारी यादीत आला का, ते पाहावे. आला नसेल तर त्याचे प्रोफाइल उघडून तो स्वतःला काय म्हणवतो ते वाचावे आणि तो शब्द OR ने जोडावा. आपल्याला न सुचलेली पदनामे अशीच सापडतात.

मोफत खात्यावर व्यावसायिक स्वरूपाच्या शोधांना मासिक मर्यादा असते आणि ती दर महिन्याच्या 1 तारखेला पुन्हा सुरू होते. त्यामुळे चाचपडत वीस शोध घेण्यापेक्षा वाक्य आधी कागदावर तयार करून वहीत जपून ठेवलेले बरे. सॉफ्टवेअर लावून प्रोफाइलमधली माहिती घाऊक उपसणे लिंक्डइनच्या नियमांत बसत नाही, आणि त्यापायी खाते बंद होऊ शकते.

एवढे करूनही यादीत जे मिळते, ते लोकांनी स्वतःबद्दल लिहिलेले असते. निवृत्त झालेले, दुसऱ्या प्लांटला बदली झालेले, नोकरी सोडूनही प्रोफाइल तसेच ठेवलेले लोक तिथे असतातच. म्हणून भोसरीच्या उद्योजकाने पहिला मेसेज धाडण्याआधी कंपनीच्या बोर्ड नंबरवर फोन करून एकच प्रश्न विचारावा: टर्निंगच्या भागांचे व्हेंडर डेव्हलपमेंट सध्या कोण पाहते? उत्तरातले नाव आपल्या यादीत असेल तर त्याच व्यक्तीला, आपल्या मशिनची क्षमता आणि आधी केलेल्या एखाद्या भागाची माहिती देत, चार ओळी लिहाव्यात.